आकडा तोच राहिला, पण वाक्यात फिरला

वाचकाचं पत्र: मी दोन वर्षं फ्रीलान्स भाषांतर करते. नुकतंच एका कंपनीच्या तिमाही निकालांच्या प्रेस रिलीजचं मराठी करायला मिळालं. मूळ इंग्रजीत एवढं होतं: क्यू टू एफवाय ट्वेंटीफाइव्हचा कन्सॉलिडेटेड रेव्हेन्यू १,२४८.६ कोटी रुपये, इयर ऑन इयर १४.२ टक्के वाढ, ईबिटडा मार्जिन १२० बेसिस पॉइंट वाढून १७.८ टक्के, आणि १२.४ मिलियन डॉलरपेक्षा जास्त एक्स्पोर्ट ऑर्डर. मी लिहिलं: "कंपनीला हे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे की २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत तिचे उत्पन्न १४ टक्क्यांनी वाढून सुमारे १,२५० कोटी रुपये झाले असून मार्जिन १.२ टक्क्यांनी वाढले आहे व तिला १०० कोटींहून अधिक रुपयांच्या निर्यात ऑर्डर प्राप्त झालेल्या आहेत." क्लायंटने दोनच ओळींत परत पाठवलं, "आकडे बदललेत, भाषा जड आहे." वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणूनच तर मी आकडे गोल केले होते. नेमकं कुठे चुकलं आणि असं रिलीज करायचं तरी कसं?

उत्तर:

तुमचं वाक्य मी तीनचार वेळा वाचलं आणि आधी हे सांगते की हेतू चांगला होता, वाचकाचा विचार करणारा होता, पण प्रेस रिलीजमध्ये आकडा सोपा करायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याकडे नसतोच. बातमी लिहिणारा पत्रकार "सुमारे १,२५० कोटी" लिहू शकतो, ती त्याची बातमी आहे आणि जबाबदारी पण त्याची. रिलीज मात्र कंपनीचं स्वतःचं निवेदन असतं, तोच आकडा तिने शेअर बाजाराला कळवलेला असतो, आणि मराठीत वेगळा दिसला की एकाच कंपनीने एकाच दिवशी दोन आकडे दिले असं होतं. लिस्टेड कंपनीसाठी ही फार अडचणीची गोष्ट असते, म्हणून क्लायंटने दोन ओळींत परत पाठवलं, तुमच्यावर राग होता असं समजू नका.

आता एकेक बघू. गोल करणं हे उघड चुकलं, १४.२ चे १४ आणि १,२४८.६ चे १,२५०, त्यावर जास्त बोलत नाही. पण तुमच्या वाक्यात अजून चार आकडे फिरलेत आणि त्यातले तीन असे आहेत की अंक बरोबर असूनही अर्थ बदलतो, हेच जास्त धोक्याचं असतं कारण तपासणारा नुसते अंक जुळवून पुढे जातो.

सगळ्यात मोठी गडबड मार्जिनची. १०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का, म्हणून १२० बेसिस पॉइंट म्हणजे १.२, इथवर तुमचं गणित बरोबर आहे. पण मार्जिन ही मुळात टक्केवारीच आहे, आणि टक्केवारी "१.२ टक्क्यांनी वाढली" म्हटलं की वाचणारा दोन प्रकारे घेऊ शकतो. मूळ म्हणतं की मार्जिन १६.६ वरून १७.८ झालं, म्हणजे दोन टक्केवारींमधला फरक १.२. पण "१.२ टक्क्यांनी वाढले" याचा गणिती अर्थ असाही होतो की आधी जे होतं त्याच्या १.२ टक्के भर पडली, आणि मग उलट हिशोब केला तर आधीचं मार्जिन १७.६ च्या आसपास निघतं. म्हणजे एवढी मोठी सुधारणा जवळपास गायबच झाली! त्यावर तुम्ही शेवटचा १७.८ हा आकडा पण गाळला, त्यामुळे वाचकाला ताडून बघायलाही काही उरलं नाही. इथे मी सरळ "१२० बेसिस पॉइंटने वाढून १७.८ टक्क्यांवर" असं लिहिते. बेसिस पॉइंट हा शब्द बिझनेसची पानं वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे, आणि रिलीज सर्वसाधारण वाचकांसाठी असेल तर क्लायंटला विचारून "१.२ टक्केबिंदूंनी" लिहायचं. टक्केबिंदू हा शब्द थोडा कमी रुळलेला आहे पण अर्थ अचूक देतो, नुसतं "टक्क्यांनी" लिहू नका.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे आपले प्रत्यय. मराठीत वाढीचं वाक्य "नी" आणि "वर" या दोन छोट्या प्रत्ययांवर उभं असतं आणि घाईत नेमके तेच फिरतात. नफा "१८ टक्क्यांनी वाढला" म्हणजे वाढ किती ते सांगितलं, मार्जिन "१८ टक्क्यांवर गेलं" म्हणजे कुठे पोचलं ते सांगितलं. इंग्रजीत बाय आणि टू हे दोन वेगळे शब्द समोर दिसतात, पण आपल्याकडे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला चिकटतो आणि नजरेतून निसटतो. म्हणून प्रत्येक वाढ-घटीच्या वाक्यावर मी पेन्सिलने खूण करते आणि सगळं भाषांतर झाल्यावर फक्त ते प्रत्यय परत एकदा बघते. दहा मिनिटांचं काम आहे. "पट" पण असंच फसवतं, दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ आणि २०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट, आणि मी स्वतः टक्क्यांचं "पट" कधी करत नाही, मूळात टक्के असतील तर टक्के, डबल्ड असेल तर दुप्पट.

दुसरी गडबड तिमाहीची. "२०२५ ची दुसरी तिमाही" वाचल्यावर कोणाच्याही डोक्यात एप्रिल ते जून २०२५ येईल. पण एफवाय ट्वेंटीफाइव्ह म्हणजे ३१ मार्च २०२५ ला संपणारं आर्थिक वर्ष, २०२४-२५, आणि त्याची दुसरी तिमाही म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२४. तुमच्या एका शब्दाने निकाल नऊ महिने पुढे सरकले. माझी पद्धत अशी की पहिल्या उल्लेखात तारीखच लिहायची, "३० सप्टेंबर २०२४ रोजी संपलेली तिमाही", आणि लगेच "आर्थिक वर्ष २०२४-२५ ची दुसरी तिमाही" असं जोडायचं, पुढे मग नुसतं "या तिमाहीत" चालतं. मात्र हे करण्याआधी कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चलाच संपतं ना हे बघायचं, काही परदेशी मालकीच्या कंपन्या डिसेंबरला वर्ष संपवतात आणि तिथे हा सगळा हिशोब बदलतो. इंग्रजी रिलीजच्या खाली जो निकालांचा तक्ता असतो त्यात तिमाही कोणत्या तारखेला संपली ते स्पष्ट छापलेलं असतं, अंदाज करायची गरज पडत नाही.

आणि इयर ऑन इयर तर तुमच्या वाक्यात आलंच नाही. १४ टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत? गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या की आधीच्या तिमाहीच्या? ज्या धंद्यात सणासुदीला खप वाढतो तिथे या दोन तुलना अगदी वेगळं चित्र दाखवतात, म्हणून वाढीचा आकडा आला की तुलनेचा आधार त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात यायलाच हवा. "वार्षिक तुलनेत" असा छोटा प्रयोग काहीजण करतात, मला तो थोडा धूसर वाटतो, पूर्ण वर्षाची तुलना आहे असं वाटू शकतं, त्यापेक्षा "गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत" लांब असलं तरी स्वच्छ आहे.

तिसरी गोष्ट, रेव्हेन्यूचं तुम्ही "उत्पन्न" केलंत. रोजच्या बोलण्यात ठीक आहे पण निकालांच्या तक्त्यात या दोन वेगवेगळ्या ओळी असतात. रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स म्हणजे कंपनीच्या मुख्य कामकाजातून आलेला पैसा, आणि टोटल इन्कम म्हणजे त्यात ठेवींवरचं व्याज वगैरे इतर उत्पन्न मिळवून येणारी बेरीज. पहिल्याला महसूल (किंवा परिचालन महसूल) आणि दुसऱ्याला एकूण उत्पन्न असं ठरवून टाका आणि पूर्ण रिलीजभर पाळा, नाहीतर १,२४८.६ हा आकडा तक्त्यातल्या चुकीच्या ओळीला जाऊन चिकटतो. कन्सॉलिडेटेड म्हणजे "एकत्रित", उपकंपन्या धरून, आणि स्टँडअलोन म्हणजे "स्वतंत्र", फक्त मूळ कंपनीचे. हा शब्द तुम्ही गाळलात आणि बहुतेक निकालांत दोन्ही आकडे असतात, त्यामुळे "एकत्रित" हा शब्द म्हणजे आकड्याचाच भाग समजा.

आता डॉलर. १२.४ मिलियन डॉलरचे तुम्ही रुपये केले. कोणत्या दिवसाच्या दराने? ऑर्डर मिळाली त्या दिवशीच्या, तिमाही संपली त्या दिवशीच्या की तुम्ही भाषांतराला बसलात त्या दिवशीच्या? दर बदलला की आकडा बदलतो, आणि कंपनीने तो रुपयांतला आकडा कुठेही दिलेला नाही, म्हणजे तुम्ही एक नवीन आकडाच कंपनीच्या तोंडी घातला. चलन कधीच बदलायचं नाही. मूळ रिलीजमध्येच कंसात रुपयांत रक्कम दिली असेल तर ती घ्यायची, नसेल तर डॉलर डॉलरच राहतात.

पण मिलियनचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि तो खरंच विचार करण्यासारखा मुद्दा आहे कारण तिथे आकडा "न बदलणं" म्हणजे काय हेच ठरवावं लागतं. १२.४ मिलियन म्हणजे १.२४ कोटी. अंकांची जागा बदलली, किंमत तीच राहिली. मराठी वाचक लाख-कोटीत विचार करतो, म्हणून "१.२४ कोटी डॉलर" हे मला योग्य वाटतं. दुसरा पर्याय "१२.४ दशलक्ष डॉलर", हा पण बरोबर आहे आणि अर्थविषयक मजकुरात वापरात आहे, याचा फायदा असा की अंक मूळासारखेच दिसतात आणि तपासणाऱ्याला जुळवायला सोपं जातं. दोन्हीतलं कोणतं घ्यायचं ते क्लायंटला कामाच्या सुरुवातीला एका ओळीत विचारा आणि मग पूर्ण रिलीजभर तेच ठेवा. फक्त १२.४ मिलियनचं "१,२४,००,०००" करू नका, कारण मूळ आकडा एका दशांशापर्यंत दिलेला आहे, पुढची शून्यं लिहिली की रक्कम अगदी तेवढीच आहे असा भास होतो, आणि इथे तर ती "पेक्षा जास्त" आहे.

बिलियनला १०० कोटी किंवा १ अब्ज, हे दोन्ही चालतं. ट्रिलियनला लाख कोटी. खर्व-निखर्वच्या वाटेला जाऊ नका, शब्द आपलेच असले तरी आज किती जणांना खर्व म्हणजे किती हे चटकन सांगता येईल? ज्या शब्दाची किंमत वाचकाला आठवावी लागते तो शब्द आकड्यांच्या मजकुरात नको.

"पेक्षा जास्त" वरून आठवलं, असे छोटे शब्द हे आकड्याचंच अंग असतात. ओव्हर म्हणजे "हून अधिक", निअरली म्हणजे "जवळपास" आणि त्यात मूळ रक्कम थोडी कमी असते, अप टू म्हणजे "पर्यंत", ॲट लीस्ट म्हणजे "किमान". "सुमारे" हा शब्द आपण सवयीने कुठेही टाकतो, पण मूळात अचूक आकडा असेल तर "सुमारे" टाकल्याने कंपनीला स्वतःचा आकडा नक्की माहीत नाही असं वाटतं. आणि पुढच्या काळाबद्दलची वाक्यं असतील तर एक्स्पेक्टेड टू म्हणजे "अपेक्षित आहे". "होणार आहे" लिहिलंत की अंदाजाचं आश्वासन झालं. नियामक मंजुरी मिळाली तरच प्रकल्प सुरू होणार असेल तर ती अट त्याच वाक्यात राहायला हवी, खाली कुठेतरी सोडून चालत नाही.

इथे माझा एक अनुभव सांगते, कारण ही चूक इतक्या सहज होते की सांगावंसं वाटतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीच्या निकालांचं मराठी करत होते, तक्त्यात एका विभागाच्या नफ्याच्या ओळीत आकडा कंसात होता. मला वाटलं कंस काहीतरी जास्तीची माहिती म्हणून दिलाय, आणि मजकुरात मी तो आकडा कंस काढून "नफा" म्हणून लिहिला. हिशोबाच्या तक्त्यात कंसातला आकडा म्हणजे उणे असतो, म्हणजे त्या विभागाला तोटा झाला होता! रिलीज जायच्या थोडं आधी कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या बाईंनी ते पकडलं, मला फोन केला आणि शांतपणे समजावून सांगितलं. त्या दिवसापासून तक्ता दिसला की आधी कंस शोधते. तोट्याची वाक्यं पण जपून लिहा, लॉस नॅरोड म्हणजे "तोटा कमी झाला", कंपनी अजून तोट्यातच आहे, आणि घाईत त्याचं "कामगिरीत घट" असं उलटं झालेलं मी वाचलेलं आहे.

आता भाषा जड का वाटली ते बघू. फॉर्मल म्हणजे सरकारी पत्रासारखं असा एक समज झालाय. "प्राप्त झालेल्या आहेत", "करण्यात आलेले आहे", "सदर", "उपरोक्त" हे शब्द आले की आपल्याला वाटतं भारदस्त झालं. पण कंपनीच्या निवेदनाचा फॉर्मल सूर वेगळा असतो. कर्ता स्पष्ट, क्रियापद साधं, वाक्य मध्यम लांबीचं, आणि लेखी प्रमाण मराठी, म्हणजे मी इथे "केलं", "वाढलं" लिहितेय तसं नाही, तिथे "केले", "वाढले" हवं. "ऑर्डर मिळाल्या" हे पूर्ण फॉर्मल आहे, "प्राप्त" ची गरज नाही.

"जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे की" हे इंग्रजी प्लीज्ड टू अनाउन्सचं शब्दशः रूप आहे. इंग्रजीतही तो नुसता साचा आहे, त्यात सांगण्यासारखी माहिती अशी काही नसते, म्हणून मराठीत "कंपनीने आज जाहीर केले" एवढं पुरतं. पण हेच वाक्य व्यवस्थापकीय संचालकांच्या अवतरणात असेल, त्या स्वतः म्हणत असतील की आनंद वाटतो, तर ते काढायचं नाही, कारण ते त्यांचे शब्द आहेत. तिथे "या निकालांबद्दल बोलताना श्रीमती अमुक म्हणाल्या" असं आदरार्थी क्रियापद घ्यायचं आणि अवतरणातल्या वुईचं "आम्ही" करायचं. हे मुद्दाम सांगते कारण मराठीत "आपण" म्हटलं की ऐकणारा पण त्यात धरला जातो, "आपण ही वाढ साध्य केली" असं कंपनीच्या प्रमुखांनी वाचकाला म्हणणं विचित्र होतं, "आपले ग्राहक" चं पण तेच, तिथे "आमचे ग्राहक" हवं.

विशेषणं पण आकड्यांसारखीच सांभाळायची. अ लीडिंग कंपनी म्हणजे "आघाडीच्या कंपन्यांपैकी एक", त्याचं "अग्रगण्य आणि सर्वात मोठी" केलंत तर तुम्ही कंपनीच्या वतीने एक दावा केला जो तिने केलेला नाही, आणि रेकॉर्ड म्हणजे "आजवरचा सर्वाधिक" असेल तर तो कशातला सर्वाधिक, तिमाहीतला की वर्षातला, ते बघून तसंच लिहायचं.

एवढं सगळं धरून मी तुमचा परिच्छेद असा करीन:

"कंपनीने ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या तिमाहीचे (आर्थिक वर्ष २०२४-२५ ची दुसरी तिमाही) आर्थिक निकाल आज जाहीर केले. या तिमाहीत कंपनीचा एकत्रित महसूल १,२४८.६ कोटी रुपये झाला. गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत त्यात १४.२ टक्क्यांची वाढ झाली. ईबिटडा मार्जिन १२० बेसिस पॉइंटने वाढून १७.८ टक्क्यांवर पोहोचले. कंपनीला १.२४ कोटी डॉलरहून अधिक मूल्याच्या निर्यात ऑर्डर मिळाल्या आहेत."

तुमच्या एका वाक्याची पाच झाली. इंग्रजीत एका वाक्यात तीन आकडे मावतात, मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाचकाला सगळे आकडे क्रियापदापर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागतात, म्हणून एका वाक्यात शक्यतो एक आकडा आणि फार तर त्याची वाढ, यापेक्षा जास्त मी घालत नाही.

शेवटचं वाक्य लिहिताना माझ्या हातून "याच तिमाहीत कंपनीला" असं येत होतं, वाक्य छान जोडलं जात होतं म्हणून. पण तुम्ही दिलेल्या मूळात ऑर्डर याच तिमाहीत मिळाल्या असं कुठे म्हटलंय? तिमाही संपल्यानंतर मिळालेल्या असू शकतात. म्हणून काढलं. मार्जिनचंही तसंच, १२० बेसिस पॉइंटची वाढ गेल्या वर्षीच्या तुलनेत आहे की आधीच्या तिमाहीच्या, हे तुमच्या मूळावरून कळत नाही, म्हणून मी ते वाक्य तुलनेच्या वाक्यापासून वेगळं ठेवलं. क्लायंटला हा प्रश्न विचाराच, असा प्रश्न विचारणारा भाषांतरकार त्यांना आवडतो.

ईबिटडा पहिल्यांदा येतो तिथे एकदा फोड द्यायला हरकत नाही, "व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्यापूर्वीचा नफा", पण मूळात फोड नसेल तर क्लायंटची परवानगी घेऊन. बाकी लाभांश, दर्शनी मूल्य, समभाग, संचालक मंडळ, करोत्तर नफा, अलेखापरीक्षित हे शब्द पक्के रुळलेले आहेत, तेच वापरा. कंपनीचं नाव देवनागरीत कसं लिहायचं हे मात्र मनाने ठरवू नका, त्यांच्याकडे आधीच्या जाहिरातींत ठरलेलं असतं.

आता तपासणी. भाषांतर सुरू करायच्या आधीच मी एक्सेलमध्ये मूळातल्या प्रत्येक आकड्याची एक ओळ करते: आकडा, एकक, कोणता काळ, कशाच्या तुलनेत, पुढेमागे कुठला छोटा शब्द आहे, आणि एकत्रित की स्वतंत्र. भाषांतर झालं की शेजारच्या रकान्यात मराठी मजकुरातला तोच तुकडा कॉपी करून टाकते, आठवणीने टाइप करत नाही, कारण आठवणीत तो बरोबरच असतो. मग दोन्ही फाइलींमध्ये आकडे मोजते. गुगल डॉक्समध्ये फाइंड अँड रिप्लेस उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करायची आणि हे टाकायचं, दोन्ही लिपींतले अंक सापडतात आणि एकूण किती ते पण दिसतं:

```
[0-9०-९][0-9०-९,.]*
```

तुमच्या परिच्छेदात इंग्रजीत (Q2 FY25 असं लिहिलेलं धरून) सात सापडतील आणि वरच्या मराठीत नऊ. फरक दिसला म्हणून घाबरायचं नाही, पण तो समजावता आला पाहिजे: मूळातल्या तिमाही आणि वर्षाच्या दोन अंकांच्या जागी आपण ३०, २०२४, आणि २०२४-२५ मधले दोन, असे चार आणले, म्हणून दोन वाढले. "दुसरी" हे अक्षरात आहे म्हणून मोजणीत आलं नाही, आणि म्हणूनच निम्मा, पाव, दुप्पट, दहावा असे अक्षरी आकडे नजरेने वेगळे शोधावे लागतात.

यानंतर कोणालातरी मराठी मजकूर मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही इंग्रजीवर बोट ठेवून ऐका, उलटं नको. इंग्रजीकडून मराठीकडे बघितलं की जे हवंय तेच दिसतं, मराठीकडून निघालं की गळलेलं आणि जास्तीचं दोन्ही कानाला टोचतं.

अंक देवनागरी की इंग्रजी हे पण आधी विचारून घ्या आणि एकाच फाइलमध्ये मिसळू नका. देवनागरी ठरले तर एक काळजी घ्या, क्लायंटकडे तपासणारी व्यक्ती मराठी वाचणारी नसेल तर आपला १ तिला 9 सारखा दिसतो आणि ७ हा 6 सारखा, आणि नसलेली चूक सापडते किंवा असलेली सुटते. अशा वेळी मी एक्सेलचा तो तक्ता इंग्रजी अंकांसकट सोबत जोडते. रुपयाचं चिन्ह आणि "रुपये" हा शब्द दोन्ही एकदम लिहू नका, वाक्यात "कोटी रुपयांवर", "कोटी रुपयांचा" असे प्रत्यय लागतात म्हणून मजकुरात शब्द आणि तक्त्यात चिन्ह हे सोयीचं पडतं.

अजून एक, आकड्यांच्या पलीकडचं पण याच कामातलं. निकाल जाहीर व्हायच्या आधी फाइल तुमच्याकडे आली तर सेबीच्या नियमांत ती अप्रकाशित आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती ठरते. ती घरात कोणाला सांगायची नाही, ऑनलाइन फुकट भाषांतराच्या साइटवर टाकून बघायची नाही, आणि त्या कंपनीच्या शेअर्सची खरेदी-विक्री तर अजिबात करायची नाही, स्वतःच्या नावाने नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. मोठ्याने वाचायला जी व्यक्ती घ्याल ती पण म्हणूनच क्लायंटला आधी कळवून घ्या, किंवा निकाल बाहेर येईपर्यंत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका.

या क्लायंटला आता दुरुस्त मजकूर पाठवताना सोबत तीन प्रश्न पाठवा: मार्जिनची तुलना कशाशी, ऑर्डर कोणत्या काळातल्या, आणि मिलियनला कोटी चालेल की दशलक्ष हवं. एक्सेलचा तक्ता जोडा. माफीनामा लांबवू नका, "आकडे मूळाप्रमाणे केले आहेत, तक्ता सोबत आहे" एवढी एक ओळ पुरे.